पहिल्या रिव्ह्यू-प्रतिसादाची मुदत: टीमसमोर दहा मिनिटांत काय मांडावे

प्रश्न: आमची सात डेव्हलपरांची टीम आहे, पाच जण पुण्यात आणि दोघे जर्मनीत श्टुटगार्टला. पुल रिक्वेस्ट दोन-दोन दिवस कोणी न बघता पडून राहतात. गुरुवारच्या बैठकीत मला दहा मिनिटे मिळाली आहेत आणि पहिल्या प्रतिसादाची मुदत ठरवू या असे सुचवायचे आहे. मी टीम लीड नाही. कोणाला न दुखावता हे कसे मांडू?

उत्तर:

तुमच्या मागणीचा आवाका जितका छोटा ठेवाल, तितकी ती मान्य होण्याची शक्यता जास्त. रिव्ह्यू किती वेळात पूर्ण व्हावा, याविषयी गुरुवारी एक शब्दही काढू नका. बोलायचे आहे ते फक्त पहिल्या प्रतिसादाबद्दल, म्हणजे पुल रिक्वेस्ट तयार झाल्यापासून लेखकाला एखाद्या माणसाकडून पहिले अर्थपूर्ण उत्तर मिळेपर्यंतच्या वेळेबद्दल. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की ‘घाईत रिव्ह्यू केला तर दर्जा घसरेल’ हा आक्षेप लगेच येतो आणि तो रास्तही असतो. पहिल्या प्रतिसादाच्या मुदतीला तो लागू होत नाही, पण हे बैठकीत समजावत बसलात तर दहा मिनिटे त्यातच संपतील.

बोलण्याआधी तासभर खर्चून आकडे काढा. तुमचा कोड गिटहबवर असेल तर रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये ही आज्ञा चालवा. मर्ज झालेल्या अलीकडच्या वीस पुल रिक्वेस्टची माहिती मिळेल.

```
gh pr list --state merged --limit 20 \
  --json number,author,createdAt,reviews,comments
```

ही माहिती जशीच्या तशी वापरली तर निष्कर्ष चुकतो, म्हणून चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. लेखकाने एखाद्या ओळीवरच्या टिप्पणीला दिलेले उत्तरही `reviews` मध्ये त्याच्याच नावाने येते, त्यामुळे लेखकाच्या स्वतःच्या नोंदी वगळायला हव्यात. बॉटच्या टिप्पण्याही वगळायच्या, कारण बिल्डचा निकाल दोन मिनिटांत आला म्हणून कोणी कोड वाचला असे होत नाही. पुल रिक्वेस्ट आधी ड्राफ्ट म्हणून उघडली असेल तर `createdAt` ही वेळ उपयोगाची नाही. ती ‘तयार आहे’ असे जाहीर केल्याची वेळ त्या पुल रिक्वेस्टच्या पानावर नोंदलेली असते, तिथून घड्याळ सुरू करावे. शिवाय सगळ्या वेळा यूटीसीमध्ये असतात, त्यांत साडेपाच तास मिळवायचे. वीस नोंदींसाठी यातले काहीच स्क्रिप्टने करण्याची गरज नाही, एक साधी स्प्रेडशीट पुरते.

वेळ मोजायची ती कामाच्या तासांत. शुक्रवारी संध्याकाळी पाचला टाकलेल्या पुल रिक्वेस्टला सोमवारी सकाळी साडेअकराला उत्तर आले, तर भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे साडेसहासष्ट तास गेले. दहा ते सातच्या कामाच्या दिवसाप्रमाणे मात्र शुक्रवारचे दोन आणि सोमवारचे दीड, असे साडेतीनच तास गेले. पहिला आकडा तुम्ही पडद्यावर दाखवलात तर समोरचा अनुभवी सहकारी पहिल्याच मिनिटाला ‘यात शनिवार-रविवार धरलेत का?’ असे विचारेल. त्यानंतर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आलेल्या वीस वेळा लहान ते मोठी अशा क्रमाने लावा. सरासरी काढू नका. मधली वेळ आणि शेवटच्या चार-पाच वेळा वेगवेगळ्या बघा, कारण तुमचा मुद्दा बहुधा तिथेच सापडेल. समजा, दहावी-अकरावी नोंद पाच तासांच्या आसपास आहे आणि शेवटच्या चार वीस तासांच्या पुढे, म्हणजे दोन पूर्ण दिवसांहून जास्त, रेंगाळल्या आहेत. मग ‘आपण तर लगेच बघतो’ म्हणणारेही खरे बोलत असतात आणि ‘माझे काम पडून राहते’ म्हणणारेही. बहुतेक टीममध्ये दुखणे या शेपटात असते, आणि मुदत ठरवायची ती या शेपटासाठीच. जी पुल रिक्वेस्ट पाच तासांत बघितली जाते, तिच्यात मुदतीने काहीच फरक पडत नाही. हे स्पष्ट सांगितले तर निम्म्या लोकांना आपल्यावर नवीन ओझे येत नसल्याचे लक्षात येते. त्या शेवटच्या चार पुल रिक्वेस्ट उघडून त्या का रखडल्या तेही वाचून ठेवा. एखादी फार मोठी निघेल, एखादीत रिव्ह्यूअर म्हणून सगळी टीम जोडलेली असेल आणि म्हणून प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलेली असेल, एखादी ज्याच्याकडे गेली तो रजेवर असेल.

तुम्ही टीम लीड नाही, त्यामुळे बैठकीपूर्वी दोन भेटी घ्याव्यात असे मी सुचवेन. पहिली भेट टीममध्ये सर्वांत जास्त रिव्ह्यू करणाऱ्या व्यक्तीची. मुदतीचा भार प्रत्यक्षात तिच्यावरच पडणार असतो आणि तिला हे सर्वांसमोर पहिल्यांदा कळले तर तो आपल्यावरचा आरोप वाटतो. तिला आकडे आधी दाखवा आणि ‘तुमच्याकडे एकाच वेळी किती येतात?’ असे विचारा. बऱ्याचदा असे दिसते की उशीर करणारी वाटणारी व्यक्तीच टीमचा निम्मा रिव्ह्यू उचलत असते. दुसरी भेट टीम लीडची. त्यांच्याकडून एकच शब्द घ्यायचा, तो म्हणजे हे आकडे व्यक्तीनुसार काढले जाणार नाहीत आणि वार्षिक मूल्यमापनात येणार नाहीत. हा शब्द मिळत नसेल तर प्रस्ताव पुढे ढकललेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मूल्यमापनाच्या भीतीने मिळालेले प्रतिसाद लवकर येतात आणि त्यांत काही नसते.

आता प्रत्यक्ष बोलणे. पाच मिनिटे तुमची आणि पाच चर्चेची, असा हिशेब ठेवा. माझ्या मते मजकूर साधारण असा असावा. आकड्यांच्या जागी तुमचे आकडे घाला आणि श्टुटगार्टच्या दोघांसाठी हेच इंग्रजीत बोला.

> मर्ज झालेल्या शेवटच्या वीस पुल रिक्वेस्ट मी बघितल्या. कोणाची किती, हे मी मोजलेले नाही आणि मोजणारही नाही. निम्म्या पुल रिक्वेस्टना पाच तासांच्या आत पहिले उत्तर मिळाले आहे, ते उत्तमच आहे. पण चार पुल रिक्वेस्टना दोन दिवसांहून जास्त वेळ काहीच उत्तर आले नाही. त्या चारही मी वाचल्या. दोनमध्ये रिव्ह्यूअर म्हणून आपण सगळेच होतो. एक खूप मोठी होती. एक ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. म्हणजे कोणी टाळाटाळ केली असे यांतल्या एकाही ठिकाणी झालेले नाही.
>
> त्या दोन दिवसांत लेखक दुसरे काम हाती घेतो. उत्तर येते तेव्हा त्याला पहिले काम पुन्हा आठवावे लागते, आणि तोवर मुख्य ब्रँच पुढे गेलेली असल्याने कॉन्फ्लिक्टही सोडवावे लागतात. कधी उत्तर ‘ही दिशाच बदलायला हवी’ असे असते, आणि तोपर्यंत त्या कामावर दुसरे काम उभे राहिलेले असते.
>
> माझा प्रस्ताव एवढाच आहे. पुण्यात दुपारी तीनच्या आधी आलेल्या पुल रिक्वेस्टला त्याच दिवशी काम संपण्यापूर्वी पहिले उत्तर द्यायचे, आणि तीननंतर आलेल्या पुल रिक्वेस्टला दुसऱ्या कामाच्या दिवशी दुपारी एकपर्यंत. पूर्ण रिव्ह्यूची ही मुदत नाही. ‘मी हे उद्या सकाळी अकरापर्यंत वाचतो’ हे उत्तर चालेल. ‘हा भाग मला माहीत नाही, अमुक यांना जोडतो’ हे चालेल. ‘ही दोन भागांत द्याल का?’ हेही चालेल. नुसते ‘बघतो’ चालणार नाही, कारण त्यातून लेखकाला काही ठरवता येत नाही.
>
> चार आठवडे हे करून बघू. मी हीच मोजणी पुन्हा करीन आणि फायदा दिसला नाही तर आपण ते सोडून देऊ. आत्ता मला फक्त दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही वेळ कोणाला अवघड जाणार आहे का, आणि का?

शेवटचा प्रश्न मुद्दाम तसा ठेवला आहे. ‘सर्वांना मान्य आहे ना?’ असे विचारले की आपल्याकडे माना डोलतात आणि पुढच्या आठवड्यात काहीच बदलत नाही. अडचण विचारली की ती बाहेर येते आणि त्यावर नियम बेतता येतो.

मुदत इतकीच का, हा प्रश्न नक्की येईल. चार तासांची मुदत आकर्षक वाटते, पण ती पाळायची तर हातातले काम मध्येच सोडावे लागते. तीन तास एखाद्या अवघड दोषाचा माग काढत बसलेल्या माणसाला पुल रिक्वेस्टसाठी उठवणे हा तोट्याचा सौदा आहे. प्रस्तावातील वेळा अशा आहेत की दिवसातून दोनदा, एकदा सकाळी आल्यावर आणि एकदा दुपारी तीन वाजून गेल्यावर, आपली यादी बघितली तरी मुदत सहज पाळली जाते. त्या दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा यादी बघण्याचे बंधन कोणावरच नाही, कारण तीननंतर आलेले सगळे दुसऱ्या दिवसाच्या हिशेबात जाते. दाखला हवाच असेल, तर गुगलने 2019 मध्ये खुल्या केलेल्या अभियांत्रिकी पद्धतींच्या दस्तऐवजात रिव्ह्यूच्या विनंतीला उत्तर देण्याची कमाल मर्यादा एक कामाचा दिवस अशी दिली आहे. एकाग्रतेचे काम मध्येच तोडू नये, जेवणानंतर किंवा बैठक संपल्यावर रिव्ह्यू हाती घ्यावा, असेही तिथेच म्हटले आहे. हा दाखला चर्चेत उपयोगी पडतो. बोलण्याची सुरुवात त्याने करू नका, नाहीतर ‘आपण गुगल नाही’ हे वाक्य ऐकावे लागेल आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल.

श्टुटगार्टच्या दोघांचा विचार वेगळा करावा लागतो आणि इथे थोडा वेळ घालवणे सार्थकी लागेल. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. त्यांचा नऊ वाजता सुरू होणारा दिवस पुण्यातील साडेबारा किंवा दीडला सुरू होतो, म्हणजे दोन्हीकडचे लोक एकाच वेळी कामावर असतात ते साडेबारा किंवा दीडपासून सातपर्यंत. रिव्ह्यूची फेरी या वेळेत बसली तर एका दिवसात दोन फेऱ्याही होतात, आणि चुकली तर प्रत्येक फेरीला एक दिवस जातो.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. गुरुवारी, उन्हाळ्यात, पुण्यातील सहकाऱ्याने दुपारी अडीचला पुल रिक्वेस्ट टाकली, तेव्हा श्टुटगार्टमध्ये सकाळचे अकरा वाजले आहेत. तिथल्या रिव्ह्यूअरने दिवस संपताना, पाच वाजता, उत्तर दिले. त्याने ‘त्याच दिवशी’ हा नियम पाळला, पण पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले आहेत. लेखक शुक्रवारी सकाळी उत्तर वाचतो, बदल करून अकराला पुन्हा पाठवतो आणि साडेबारापर्यंत थांबतो, कारण तिकडे तेव्हा कुठे दिवस सुरू होतो. शुक्रवारीही उत्तर दिवसअखेर आले तर लेखकाला ते सोमवारी दिसते. नियम दोन्ही दिवशी पाळला गेला आणि गुरुवारचे काम सोमवारवर गेले. हेच पहिले उत्तर श्टुटगार्टच्या दुपारी अडीचला, म्हणजे पुण्याच्या सहाला आले असते, तर छोटी दुरुस्ती सातच्या आत परत गेली असती आणि तिकडच्या साडेतीनपासून पाचपर्यंत ती बघायला वेळ उरला असता.

म्हणून दोन ठिकाणांमधल्या पुल रिक्वेस्टसाठी एक जास्तीचे वाक्य घाला. पुण्याहून दुपारी तीनच्या आधी गेलेल्या पुल रिक्वेस्टला श्टुटगार्टने भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्यावे, तीननंतर गेलेल्याला त्यांचा दिवस संपेपर्यंत. उलट दिशेला वेगळा नियम लागत नाही. त्यांनी दुपारी टाकलेली पुल रिक्वेस्ट पुण्याने दुसऱ्या दिवशी एकपर्यंत बघितली, तर त्यांच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे त्यांना दिवसाच्या सुरुवातीलाच उत्तर मिळते. सणांच्या सुट्ट्या मात्र दोन्हीकडे वेगळ्या असतात आणि त्या कॅलेंडरवर असल्याच पाहिजेत, नाहीतर गणेश चतुर्थीच्या दिवशी तिकडचा माणूस वाट बघत बसतो.

मान्यता मिळाली की त्याच दिवशी रिपॉझिटरीच्या `CONTRIBUTING.md` मध्ये चार-पाच ओळी लिहून त्यांचीच पुल रिक्वेस्ट टाका. वेळा, कोणते उत्तर चालते आणि मुदत चुकली तर लेखकाने काय करायचे, एवढे त्यात असावे. यातली तिसरी गोष्ट लोक विसरतात. माझ्या अनुभवात सर्वांत चांगली चालते ती अशी तरतूद: मुदत उलटली तर लेखकाने संकोच न करता टीमच्या चॅनेलवर पुल रिक्वेस्टचा दुवा टाकावा, आणि त्या वेळी मोकळा असलेल्याने ती घ्यावी. पाठपुरावा करणे म्हणजे तगादा लावणे असे आपल्याकडे, विशेषतः नव्याने आलेल्या मुलामुलींना, वाटते. नियमात तसे लिहिलेले असले की तो संकोच उरत नाही. अजून कोणी न बघितलेल्या पुल रिक्वेस्ट शोधण्यासाठी गिटहबच्या शोधपट्टीत हे टाइप करता येते, आणि सकाळच्या स्टँडअपला ही यादी उघडी ठेवली तर वेगळ्या साधनाची गरज पडत नाही.

```
is:pr is:open draft:false review:none
```

‘सगळी टीम रिव्ह्यूअर’ ही अडचण मात्र मुदतीने सुटत नाही, तिला वेगळा उपाय लागतो. `CODEOWNERS` फाइलमध्ये टीमचे नाव असेल तर गिटहबच्या टीम सेटिंगमध्ये स्वयंचलित वाटप सुरू करता येते. मग प्रत्येक पुल रिक्वेस्ट पाळीपाळीने किंवा सध्याचा भार बघून ठरावीक माणसाकडे जाते, आणि ज्याने आपली स्थिती ‘व्यग्र’ ठेवली आहे त्याला वगळले जाते. माझ्या मते मुदत सुरू होण्यापूर्वीच हे करावे. मुदत नावाने दिलेली असेल तरच पाळली जाते.

चार आठवड्यांनी मोजणी कराल तेव्हा एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. पहिल्या प्रतिसादाची वेळ छान कमी झालेली असेल, पण मर्ज होईपर्यंतची एकूण वेळ होती तेवढीच राहिली असेल, तर पहिली उत्तरे पोकळ झाली आहेत असे समजावे. ‘उद्या बघतो’ लिहून उद्या न बघणे, किंवा एका स्पेसवर टिप्पणी करून घड्याळ थांबवणे, असे प्रकार सुरू झालेले असतात. हे तपासण्यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरांमधले अंतर बघा, ते वाढलेले दिसेल. यावर उपाय म्हणून मुदत आणखी कडक करू नये. ‘अमुक वेळेपर्यंत वाचतो’ हे उत्तर एका पुल रिक्वेस्टवर एकदाच वापरता येईल, असे वाक्य नियमात घालावे, तेवढे बहुतेक वेळा पुरते.

फार मोठ्या पुल रिक्वेस्टचे काय, हा प्रश्न गुरुवारी कोणी काढला तर तो नोंदवून ठेवा आणि पुढे ढकला. दीड हजार ओळींच्या बदलाला ‘हे तोडून द्या’ असे पहिले उत्तर चार तासांत मिळू लागले, की लोक आपणहून लहान पुल रिक्वेस्ट टाकू लागतात, असे मी एकाहून जास्त टीममध्ये बघितले आहे. तसे झाले नाही तर आकाराची मर्यादा हा पुढच्या महिन्यातील स्वतंत्र विषय घ्या. पहिल्याच बैठकीत दोन नियम मागितले तर लोक दुसऱ्यावर वाद घालतात आणि पहिला तसाच राहतो.